संडासाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी दोन महिने जुलाब का थांबत नाहीत?

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातला एक शेतकरी डोळ्यांसमोर आणा. हा माणूस काल्पनिक आहे, पण त्याच्या बाबतीत जे घडतं ते जिल्ह्याजिल्ह्यांत घडत असतं. वय अडतीस. दोन महिन्यांपासून दिवसाला आठ-दहा वेळा पाण्यासारखी संडास होते. रक्त नाही, ताप फारसा नाही. पोट गुडगुडतं, जेवण अंगी लागत नाही, कंबरेची पँट सैल झाली आहे. वजन ५८ किलोवरून ४९ वर आलंय.

या काळात त्याने गावातल्या डॉक्टरांकडून दोनदा मेट्रोनिडाझोलचा कोर्स घेतला, एकदा अँटिबायोटिक घेतलं, तीनदा सलाईन लावून घेतली. सलाईन लावली की दोन दिवस बरं वाटायचं. शेवटी कुणीतरी संडास तपासायला सांगितली. रिपोर्ट आला, त्यात लिहिलं होतं की जंतांची अंडी किंवा सिस्ट आढळली नाहीत.

घरच्यांना वाटलं, चला, काही नाही निघालं. खरी चूक इथेच होते. त्या रिपोर्टचा अर्थ ‘पोटात परजीवी नाही’ असा होत नाही. नेहमीच्या तपासणीत जे दिसू शकतं ते दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. काही परजीवी या तपासणीत जवळपास दिसतच नाहीत, आणि त्यांतला सगळ्यात चिवट म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम.

क्रिप्टोस्पोरिडियम म्हणजे नेमकं काय?

हा एकपेशीय परजीवी आहे. लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून तो वाढतो. एडवर्ड टायझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०७ साली तो उंदराच्या जठरात पाहिला. त्यानंतर जवळपास सत्तर वर्षं माणसाच्या डॉक्टरांनी त्याकडे लक्ष द्यावं असं काही घडलं नाही. माणसातले पहिले रुग्ण नोंदवले गेले ते १९७६ मध्ये. त्यातला एक रुग्ण त्वचेच्या आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होता. त्याचे जुलाब थांबले ते परजीवीवरच्या औषधाने नव्हे, तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध बंद केल्यावर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

संसर्ग झालेल्या माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून या परजीवीची जाड कवचाची गोल बीजं बाहेर पडतात. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. ती पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून किंवा कच्च्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात जातात. किती पुरतात? १९९५ साली अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात असं दिसलं की १३० च्या आसपास ऊसिस्ट गिळले तर निम्म्या लोकांना लागण होते. रुग्णाच्या एका संडासात ते कोट्यवधी असू शकतात.

निरोगी माणसाला याची लागण झाली तर आठवडा-दोन आठवडे जुलाब होतात आणि शरीर ते आपोआप मोडून काढतं. अनेकांना आपल्याला काय झालं होतं हे कळतही नाही. पण या परजीवीची एक खोड आहे. काही ऊसिस्ट पातळ कवचाचे असतात. ते बाहेर न पडता आतड्यातच फुटतात आणि त्याच माणसाला पुन्हा लागण करतात. म्हणजे बाहेरून नवं दूषित पाणी प्यायची गरजच उरत नाही. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर हे चक्र तुटतं. ती कोसळली असेल तर ते महिनोन्‌महिने फिरत राहतं.

सीडी४ चा आकडा इथे का महत्त्वाचा?

सीडी४ या पांढऱ्या पेशी प्रतिकारशक्तीच्या मुकादमासारख्या असतात. काम कुणी, कुठे, कधी करायचं हे त्या ठरवतात. एचआयव्ही नेमका याच पेशी संपवतो. निरोगी प्रौढात एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. हा आकडा २०० च्या खाली गेला की त्याला एचआयव्हीचा ‘प्रगत आजार’ म्हणतात.

क्रिप्टोस्पोरिडियमच्या बाबतीत अनुभव असा आहे की सीडी४ १८०-२०० च्या वर असेल तर बहुतेक रुग्णांचे जुलाब आपोआप थांबतात. आकडा १०० च्या खाली असेल तर ते लांबतात. ५० च्या खाली परजीवी पित्तनलिकेतही शिरू शकतो. मग उजव्या बाजूला बरगडीखाली दुखतं आणि रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं. डोळे पिवळे झालेच पाहिजेत असं नाही, म्हणून हे सहज नजरेतून सुटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात एचआयव्ही असलेल्या माणसाला कारण न सापडणारे जुलाब महिन्याहून जास्त काळ होत असतील तर तो आजाराचा तिसरा टप्पा धरतात. क्रिप्टोस्पोरिडियममुळे महिन्याहून जास्त काळ जुलाब होत असतील तर चौथा, म्हणजे शेवटचा.

उलट बाजूने पाहिलं तर महिनाभर न थांबणारे जुलाब आणि घटतं वजन हीच एचआयव्हीची पहिली खूण असू शकते. आपल्या घाटंजीच्या शेतकऱ्याचं तसंच झालं. दोन महिन्यांत त्याच्या संडासाची तपासणी झाली, रक्तातली साखर झाली, टायफॉइडची झाली, एचआयव्हीची झाली नव्हती. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते, आधी समुपदेशन होतं आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय ती करता येत नाही, निकालही गोपनीय ठेवावा लागतो. त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली. सीडी४ निघाला ६२.

मग संडासात दिसलं का नाही?

नेहमीच्या तपासणीत संडासाचा थेंब काचेवर घेऊन त्यात सलाईन किंवा आयोडीन मिसळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात जंतांची अंडी, अमिबा, जिआर्डिया दिसतात. क्रिप्टोस्पोरिडियमचा ऊसिस्ट फक्त ४ ते ६ मायक्रॉनचा असतो, रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान. आयोडीनचा रंग तो नीट घेत नाही. काचेवर तो असतो, पण यीस्टच्या गोळीसारखा दिसतो आणि बघणारा पुढे सरकतो. यात लॅबवाल्याचा दोष धरता येत नाही. त्याला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्याने दिलं.

त्याला वेगळं विचारावं लागतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘मॉडिफाइड अ‍ॅसिड फास्ट स्टेन, कॉक्सिडियासाठी’ असं लिहावं लागतं.

ही तपासणी काही मुंबई-पुण्याचीच गोष्ट नाही. क्षयरोगाचा बेडका तपासताना जो लाल रंग वापरतात, कार्बोल फ्युक्सिन, तोच इथे लागतो. संडासाचा पातळ थर काचेवर पसरून वाळवायचा, मिथेनॉलने पक्का करायचा, लाल रंग चढवायचा, मग आम्लाने धुवायचा आणि शेवटी निळा रंग द्यायचा. फरक आम्लात आहे. क्षयाच्या जंतूसाठी २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरतात, इथे साधारण १ टक्का. क्षयाचं तीव्र आम्ल वापरलं तर ऊसिस्टचा लाल रंगही निघून जाऊ शकतो आणि रिपोर्ट पुन्हा ‘काही नाही’ असा येतो.

नीट केलं तर निळ्या पार्श्वभूमीवर लालसर गोल मणी दिसतात. यीस्ट त्याच आकाराचं असलं तरी निळं राहतं, म्हणून दोघांतला फरक कळतो. यापेक्षा अचूक अशा अँटिजेन आणि पीसीआर चाचण्याही आहेत, पण तालुक्याच्या ठिकाणी त्या सहसा मिळत नाहीत.

एक नमुना पुरत नाही. परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यायचे. डबी कोरडी आणि स्वच्छ हवी, त्यात लघवी मिसळू द्यायची नाही आणि नमुना काही तासांत लॅबला पोचवायचा. घाटंजीहून यवतमाळला एसटीने नमुना नेणाऱ्याला हे सांगणं सोपं असतं आणि पाळणं कठीण. म्हणून शक्य असेल तिथे जवळच्या लॅबमध्ये नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पाठवतात.

लाल मणी दिसले, पण ते नेमके कुणाचे?

इथे खरं तपासणीचं मोल कळतं. त्याच रंगात आणखी दोन परजीवी लाल दिसतात. क्रिप्टोस्पोरिडियम गोल, ४ ते ६ मायक्रॉन. सायक्लोस्पोरा तसाच गोल, पण जवळपास दुप्पट, ८ ते १० मायक्रॉन. आणि सिस्टोआयसोस्पोरा लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा, २० ते ३० मायक्रॉन. जुन्या पुस्तकांत आणि अनेक रिपोर्टांत याचं नाव अजून ‘आयसोस्पोरा’च असतं.

तिघांचे जुलाब बाहेरून सारखेच दिसतात. उपचार मात्र पूर्ण वेगळे. सायक्लोस्पोरा आणि सिस्टोआयसोस्पोरा कोट्रायमॉक्सॅझोल या जुन्या, स्वस्त, सरकारी रुग्णालयात मोफत मिळणाऱ्या गोळीने जातात. अनेकदा दोन-तीन दिवसांतच फरक पडतो. सिस्टोआयसोस्पोरा पुन्हा उलटू नये म्हणून प्रतिकारशक्ती सुधारेपर्यंत कमी मात्रेत ही गोळी चालू ठेवावी लागते. या औषधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना अंगावर पुरळ येऊ शकते, तेव्हा ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. क्रिप्टोस्पोरिडियमवर मात्र तिचा उपयोग नाही.

हे तिघं महाराष्ट्रात किती सापडतात? पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, जुलाब होणाऱ्या १३७ एचआयव्हीबाधित रुग्णांची तपासणी करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३५ टक्के रुग्णांत आतड्यातला एखादा रोगकारक परजीवी सापडला. सगळ्यात जास्त क्रिप्टोस्पोरिडियम, १२ टक्के, आणि त्यानंतर आयसोस्पोरा, ८ टक्के. दुसरा आकडा विशेष बघण्यासारखा आहे. दर बारा-तेरा रुग्णांमागे एकाचे जुलाब साध्या गोळीने थांबण्यासारखे होते, फक्त कुणीतरी योग्य रंग लावून बघायला हवं होतं.

चौथा एक गट आहे, मायक्रोस्पोरिडिया. तो १-२ मायक्रॉनचा, या रंगातही दिसत नाही, त्याला आणखी वेगळा रंग लागतो. त्याच्या एका प्रकारावर अल्बेंडाझोल चालतं, दुसऱ्या, जास्त आढळणाऱ्या प्रकारावर फारसं नाही.

परजीवी नसेलच तर?

मग जुलाब कसे आहेत ते बघावं लागतं. भरपूर, पाण्यासारखी संडास आणि झपाट्याने घटणारं वजन हे लहान आतड्याचं दुखणं सुचवतं. थोडी थोडी, वारंवार, कळ येऊन, रक्त-आव पडत होणारी संडास मोठ्या आतड्याचं. दुसऱ्या प्रकारात सीडी४ ५० च्या खाली असेल तर सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूचा विचार करतात आणि दुर्बिणीने आतडं तपासावं लागतं. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, पोटात गाठ किंवा पाणी असेल तर आपल्याकडे आधी आतड्याचा क्षय शोधायचा. नुकतंच बरंच अँटिबायोटिक घेतलं असेल तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा जंतू. आणि कधी कधी कारण औषधच असतं. एचआयव्हीच्या दुसऱ्या फळीतल्या लोपिनावीर-रिटोनावीरने अनेकांना जुलाब होतात. किडनी प्रत्यारोपण झालेल्यांना मायकोफेनोलेटने होतात.

किडनी प्रत्यारोपण, कर्करोगाची केमोथेरपी, दीर्घकाळ स्टिरॉइड, ही सगळी माणसं याच यादीत येतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला एक जास्तीचा धोका असतो. जुलाबात टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते आणि बसवलेल्या किडनीलाच इजा होऊ शकते. त्याने घरी जुलाबाची गोळी घेऊन वाट बघत बसू नये, ज्या केंद्रात उपचार चालू आहेत तिथे फोन करावा.

औषध आहे, पण ते चालत नाही

घाटंजीच्या रुग्णाच्या तिन्ही नमुन्यांपैकी दुसऱ्यात ५ मायक्रॉनचे लाल मणी सापडले. क्रिप्टोस्पोरिडियम. आता औषध?

नायटाझॉक्सानाइड नावाची गोळी आहे, आपल्याकडे सहज मिळते. निरोगी माणसात ती जुलाबाचे दिवस कमी करते. पण झांबियातल्या लुसाका शहरात मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले आणि चित्र स्पष्ट झालं. एचआयव्ही नसलेल्या कुपोषित मुलांना गोळीचा फायदा झाला, एचआयव्ही असलेल्या मुलांना झाला नाही. कारण हे औषध परजीवीला मागे रेटतं, पण शेवटचा घाव प्रतिकारशक्तीला घालावा लागतो. ती नसेल तर गोळी एकटी पडते. डॉक्टर ती तरीही देतात, पण तिच्यावर विसंबत नाहीत.

मुख्य उपचार म्हणजे एआरटी, एचआयव्हीवरची औषधं. १९७६ च्या त्या रुग्णाची गोष्ट इथे परत येते. प्रतिकारशक्ती परतली की जुलाब जातात. देशात मोफत एआरटी २००४ पासून मिळते आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी ती लगेच सुरू करतात. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. तिथे आधी क्षय आणि क्रिप्टोकॉकस ही बुरशी आहे का ते तपासतात. नावं सारखी असली तरी ही बुरशी वेगळी, ती मेंदूच्या आवरणाला सूज आणते. ती असेल तर एआरटी काही आठवडे थांबवून आधी तिचा उपचार करावा लागतो. आपल्या रुग्णात दोन्ही नव्हतं. त्याला दिवसाला एक गोळी, टीएलडी, सुरू झाली.

पण सीडी४ ६२ वरून वर यायला आठवडे नाही, महिने लागतात. तोपर्यंत माणूस जगवायचा कसा, हा खरा प्रश्न. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरात नाही, आणि प्रत्येक संडासनंतर पेलाभर. पोटॅशियम तपासून घ्यायचं, कारण ते घसरलं की हातपाय लुळे पडतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. दुधाने जुलाब वाढत असतील तर काही आठवडे दूध बंद, ताक-दही बहुतेकांना चालतं. मुगाची खिचडी, भात, केळी, अंडं, वाट्टेल ते थोडं थोडं पण वारंवार. लोपेरामाइडने संडासची संख्या कमी होते. रक्त किंवा ताप असेल तर मात्र ती गोळी घ्यायची नाही. लघवी सहा-आठ तास झाली नसेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, तर थेट रुग्णालयात भरती.

सहसा फरक असा दिसतो: आधी रात्रीची संडास थांबते, मग दिवसाची संख्या कमी होते, वजन सगळ्यात शेवटी वाढतं. तीन महिने नियमित गोळी घेऊनही काहीच फरक नसेल तर गोळी खरंच रोज घेतली जाते का, पोटात टिकते का, रक्तातला विषाणू कमी झाला का, आणि दुसरा एखादा परजीवी सोबत आहे का, हे परत बघतात. एकाच रुग्णात दोन परजीवी असणं दुर्मिळ नाही.

टीसीएल पावडर टाकलेलं पाणी सुरक्षित नाही का?

कॉलराच्या जंतूसाठी आहे, क्रिप्टोस्पोरिडियमसाठी नाही. गावात जलसुरक्षक विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजतात. नेहमीचे बहुतेक जंतू त्या क्लोरीनमध्ये काही मिनिटांत मरतात. क्रिप्टोस्पोरिडियमला दर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात दहा दिवसांहून जास्त ठेवावं लागतं. घरी दिलं जाणारं मेडिक्लोरही म्हणूनच पुरत नाही.

याचा सगळ्यात मोठा धडा मिळाला तो अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, १९९३ मध्ये. क्लोरीन टाकलेलं नळाचं पाणी पिऊन सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. बहुतेक बरे झाले. जे गेले त्यांत एड्सचे रुग्ण सर्वाधिक होते.

उपाय मात्र चुलीवरचा आहे. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट ठेवायचं, झाकून थंड करायचं आणि त्याच भांड्यातून ओगराळ्याने काढायचं. यवतमाळ फार उंचावर नाही, त्यामुळे एक मिनिट पुरतं. चांगला चालणारा आरओ किंवा यूव्ही फिल्टरही हे परजीवी अडवतो. फडक्याने गाळणं, तुरटी फिरवणं किंवा विकतचा थंड जार, यांच्या भरवशावर सीडी४ कमी असलेल्या माणसाने राहू नये. बर्फही त्याच पाण्याचा असतो हे उन्हाळ्यात लोक विसरतात.

हात साबणाने चोळून वाहत्या पाण्याने धुवायचे. अल्कोहोलचं सॅनिटायझर या कवचापुढे चालत नाही. गोठ्यातल्या हगवण लागलेल्या वासराचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, विशेषतः वासरू महिन्याभराच्या आतलं असेल तर. भारतात माणसांत सापडणारा प्रकार बहुतेक वेळा माणसाकडूनच येतो, त्यामुळे घरातल्या लहान मुलाला जुलाब असतील तर त्याचं लंगोट धुतानाही हीच काळजी.

आपल्या रुग्णाने पाणी उकळणं कधी थांबवायचं? सीडी४ २०० च्या वर जाऊन काही महिने तिथे टिकेपर्यंत तरी नाही. आणि एआरटीची गोळी तर थांबवायचीच नाही. जुलाब गेले, वजन ५५ वर आलं, कापूस वेचायला माणूस शेतात उतरला की अनेकांना वाटतं आता कशाला गोळी. गोळी सुटली की सीडी४ पुन्हा उतरतो, आणि हे जुलाब परत येऊ शकतात.

यवतमाळमधून असो किंवा कुठूनही, एचआयव्हीबद्दल नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो. आणि पुढच्या वेळी हातात ‘काही आढळलं नाही’ असा संडासाचा रिपोर्ट आला आणि जुलाब महिनाभर चालू असतील, तर डॉक्टरांना एकच विचारा: यात अ‍ॅसिड फास्ट स्टेन केला होता का?